हसू, आक्रसलेल्या भुवया आणि बेचाळीस मिनिटांची एक मुलाखत

हिशेबाचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका कंपनीने आपल्या जुन्या ग्राहकाची व्हिडिओ कॉलवर मुलाखत घेतली. समोर होत्या एका मध्यम आकाराच्या व्यवसायातल्या हिशेब विभागाच्या प्रमुख. रेकॉर्डिंग ४२ मिनिटांचं. कंपनीतल्या तिघांनी ते पाहिलं आणि तिघांनी तीन निष्कर्ष काढले. प्रॉडक्ट मॅनेजर म्हणाला, "बाई खूश आहेत, जवळजवळ सगळा वेळ हसत होत्या." विक्री विभागातल्या एकाने अठराव्या मिनिटाचा स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकला. त्यात त्यांच्या भुवया आक्रसलेल्या, ओठ घट्ट मिटलेले. खाली लिहिलं होतं, "या आपल्याला सोडून जाणार." मुलाखत घेणारीला स्वतःला वाटत होतं की शेवटी नूतनीकरणाचा, म्हणजे पुढच्या वर्षीही हेच सॉफ्टवेअर ठेवण्याचा, विषय निघाला तेव्हा बाई अडखळल्या, म्हणजे काहीतरी लपवत होत्या.

माझ्याकडे रेकॉर्डिंग आलं ते एका मागणीसह: एकूण सूर कसा होता ते एका शब्दात सांगा.

मागणी साधी दिसते, पण तिच्यात एक गृहीतक दडलेलं आहे. ४२ मिनिटं बोलणाऱ्या माणसाची भावना एकच असते असं ते गृहीतक. या मुलाखतीत एक भाग ठळकपणे नाराजीचा होता, दोन भाग मनापासून समाधानाचे होते आणि बराचसा भाग निव्वळ माहितीचा. यांची सरासरी काढली तर उत्तर येतं "तटस्थ", आणि बाई तटस्थ मात्र कुठेच नव्हत्या.

आधी तुकडे, मग बाईंची नेहमीची धाटणी

पहिलं काम रेकॉर्डिंगचे तुकडे पाडण्याचं. ते दर तीन मिनिटांनी पाडले तर एखादी तक्रार मधोमध चिरली जाते आणि तिचा अर्धा भाग पुढच्या विषयाच्या नावावर जमा होतो. म्हणून विषय बदलला, स्क्रीनवर नवं काही आलं किंवा प्रश्नाची जात बदलली की तिथे रेघ मारली. असे १५ तुकडे झाले. सर्वात लहान ४० सेकंदांचा, सर्वात मोठा पाच मिनिटांचा. प्रत्येक तुकड्यासमोर त्या वेळी स्क्रीनवर काय होतं, हे लिहून ठेवलं. ही नोंद बहुतेक जण करत नाहीत. अठराव्या मिनिटाचा उलगडा शेवटी तिच्यामुळेच झाला.

दुसरं काम म्हणजे या बाई एरवी कशा बोलतात हे ठरवणं. कोणी मुळातच भराभर बोलतं, कोणी प्रत्येक वाक्याच्या शेवटी हसतं, कोणाच्या भुवया विश्रांतीतही खाली झुकलेल्या असतात. ही धाटणी ठरवायला ज्यात भावना गुंतलेली नाही अशी उत्तरं लागतात: विभागात किती माणसं आहेत, कामं कशी वाटलेली आहेत, दिवसाची सुरुवात कशाने होते. सुरुवातीची दोन-तीन मिनिटं यासाठी पुरत नाहीत, कारण कॅमेऱ्यासमोरचा पहिला अवघडपणा त्यांत असतो. म्हणून तशाच कोरड्या माहितीचा बाविसाव्या मिनिटाच्या आसपासचा आणखी एक भाग घेतला. दोन्हीकडे एक गोष्ट सारखीच दिसली. बाई वाक्य संपवताना हसतात. "आम्ही सहा जण आहोत," हसू. "महिन्याला दोनदा पगारपत्रकं निघतात," हसू. ज्यावर प्रॉडक्ट मॅनेजरने भिस्त ठेवली होती त्या हसण्याचं वजन इथेच निम्मं झालं. ते त्यांचं विरामचिन्ह होतं.

मग तीन वेगवेगळ्या फेऱ्या. मी आधी फक्त लेखी उतारा वाचून प्रत्येक तुकड्याची नोंद केली आणि त्यानंतर फक्त आवाज ऐकला. सहकाऱ्याने उलट टोकाकडून सुरुवात केली: आवाज बंद करून फक्त चेहरा, मग आवाज, मग शब्द. दोघांनी एकमेकांच्या नोंदी शेवटपर्यंत पाहिल्या नाहीत. एकदा आक्रसलेल्या भुवया पाहिल्या की साधं वाक्यही तुसडं ऐकू येतं आणि ते कान परत कोरे करता येत नाहीत, म्हणून एवढा खटाटोप.

नोंदीत "राग", "आनंद", "निराशा" असले शब्द ठेवलेच नाहीत. चारच गोष्टी लिहायच्या: कल अनुकूल, प्रतिकूल, मिश्र की काहीच नाही, जोर किती, रोख कशावर, आणि आपली खात्री किती. यातला रोख सगळ्यात महत्त्वाचा. ग्राहकाचा वैताग उत्पादनावर असतो, स्वतःच्या वरिष्ठांवर असतो, जुन्या सॉफ्टवेअरवर असतो, किंवा तिसऱ्यांदा फिरवून विचारलेल्या आपल्याच प्रश्नावर असतो. रोख न लिहिता नुसतं "प्रतिकूल" लिहिलं तर हे चारही एकाच रकान्यात जाऊन बसतात.

अठरावं मिनिट

आवाज बंद करून पाहणाऱ्या सहकाऱ्याची नोंद होती: प्रतिकूल, जोर मध्यम, खात्री मध्यम. शब्दांवरून माझी नोंद होती: कल नाही. अशी तफावत पडली की दोघांनी मिळून तो तुकडा पुन्हा पाहायचा.

मुलाखत घेणारीने नवा कर-अहवाल स्क्रीनवर दाखवला होता. बाई नऊ सेकंद गप्प आहेत. भुवया जवळ आलेल्या, ओठ मिटलेले, चेहरा कॅमेऱ्याकडे थोडा पुढे आलेला. डोळे डावीकडून उजवीकडे जातात, परत डावीकडे येतात. मग त्या विचारतात, "हा आकडा कर धरून आहे ना?" आवाजाची पट्टी आणि वेग नेहमीचेच. "हो" असं उत्तर मिळाल्याबरोबर भुवया सैल होतात आणि त्या पुढच्या ओळीकडे वळतात.

त्या वाचत होत्या. बारीक अक्षरांतला, बऱ्याच रकान्यांचा अहवाल, तोही दुसऱ्याने शेअर केलेल्या स्क्रीनवर. डार्विनने १८७२ मध्येच नोंदवलं होतं की विचारात अडथळा आला की माणसाच्या भुवया आक्रसतात, मग तो रागावलेला असो वा नसो. चेहऱ्याच्या हालचालींची पद्धतशीर यादी एकमन आणि फ्रीसन या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये केली. त्या पद्धतीत भुवया खाली आणि जवळ येण्याला चौथा क्रमांक आहे, एवढंच. तो क्रमांक स्नायूंच्या हालचालीचं नाव आहे, भावनेचं नाही. भावनेचं नाव त्यावर आपण चिकटवतो. मानसशास्त्रज्ञ लिसा फेल्डमन बॅरेट आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये उपलब्ध संशोधनाचा मोठा आढावा घेतला. रागाच्या प्रसंगी माणसं भुवया आक्रसतात, ती योगायोगापेक्षा जास्त वेळा, पण सरासरी सुमारे ३० टक्के वेळाच, असं त्यातून पुढे आलं. उरलेल्या वेळी रागावलेला माणूस शांत दिसतो, हसतो, रडतो किंवा निर्विकार राहतो. शिवाय राग नसतानाही भुवया आक्रसतात. म्हणजे वाट दोन्ही बाजूंनी निसरडी आहे: चेहऱ्यावरून रागाकडे जाताना आणि रागावरून चेहऱ्याकडे येतानाही.

स्क्रीनशॉटबद्दल थोडं बोलायलाच हवं, कारण तो ग्रुपवर फिरत होता. सेकंदाला २५ चित्रं धरली तर नऊ सेकंदांत सव्वादोनशे चित्रं होतात. त्यांतलं सर्वात कडक दिसणारं एक निवडून, डोळ्यांची हालचाल आणि पुढचा प्रश्न कापून टाकून ते पाठवलं गेलं. बोलत्या माणसाचा कुठलाही क्षण गोठवला की तो विचित्रच दिसतो; अर्धवट मिटलेले डोळे आणि वाकडं तोंड यांतून तर काहीही सिद्ध करता येईल. मी तर थांबवलेल्या चित्रावर कधीच नोंद करत नाही. आधीची दहा आणि नंतरची दहा सेकंदं तरी लागतातच.

या तुकड्याची शेवटची नोंद अशी झाली: कल नाही; वाचायला कष्ट पडतात; रोख अहवालाच्या मांडणीवर; खात्री बरी. ही माहिती डिझाइनवाल्यांच्या कामाची होती. ग्राहक जाणार की राहणार याच्याशी तिचा संबंध नव्हता.

सव्विसावं मिनिट आणि तेहतिसावं मिनिट

हे दोन तुकडे शेजारी ठेवून पाहावेत असे आहेत. दोन्हींत बाई हसतात.

सव्विसाव्या मिनिटाला मुलाखत घेणारी विचारते, "आमची नवीन मंजुरीची सोय आम्ही खूप मेहनतीने केलीय. कशी वाटली तुम्हाला?" बाई लगेच, नेहमीपेक्षाही लवकर, म्हणतात, "छान आहे, चांगली केलीय. सवय होईल सगळ्यांना." हसू पटकन येतं आणि वाक्य संपायच्या आत जातं.

इथे चेहऱ्यावरून दोन विरुद्ध चुका करता येतात. एक, हसल्या म्हणजे आवडलं. दुसरी, जास्त हुशारीची: हसू खोटं होतं, म्हणजे आतून नाराज आहेत. दुसऱ्या चुकीला बळ मिळावं असं संशोधनही आहे. एमआयटीतल्या हॉक, मॅकडफ आणि पिकार्ड यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात, मुद्दाम त्रास देणारा ऑनलाइन फॉर्म भरताना खरोखर वैतागलेल्या लोकांपैकी सुमारे ९० टक्के लोक हसले. वैतागल्याचा अभिनय करायला सांगितला तेव्हा मात्र बहुतेक जण हसले नाहीत. वैतागाचं हसू चटकन उमटून विरतं आणि आनंदाचं हळूहळू चढतं, असंही त्यांना आढळलं. मग आपल्या बाईंचं हसू चटकन आलं आणि गेलं, म्हणजे त्या वैतागल्या होत्या का?

तसं म्हणता येत नाही. बाईंचं वाक्याच्या शेवटचं हसूही असंच चटकन येतं आणि जातं, हे आपण त्यांच्या नेहमीच्या धाटणीत पाहिलंच. त्या प्रयोगातून एवढंच घ्यावं की हसू हा समाधानाचा पुरावा नव्हे. हसू घाईचं होतं म्हणून वैताग सिद्ध होतो, असं त्यातून निघत नाही.

शब्द मात्र जास्त बोलतात. बाकी मुलाखतीत प्रत्येक मताला बाईंनी उदाहरण जोडलं आहे: अमुक बिल, तमुक दिवस, अमक्याने असं केलं. इथे एकही उदाहरण नाही. क्रियापद भविष्यकाळात गेलं, "सवय होईल". कर्ता "मी" न राहता "सगळे" झाले. प्रश्न तर असा की त्याला "नाही आवडली" म्हणणं म्हणजे समोरच्या माणसाची मेहनत वाया गेली म्हणणं. नोंद झाली: कल नाही, मत मिळालेलंच नाही, कारण बहुधा प्रश्नाची रचना. हा तुकडा अनुकूल म्हणून मोजणं चूक आणि छुपी नाराजी म्हणून मोजणंही चूक.

तेहतिसाव्या मिनिटाला कोणी काही विचारलेलं नव्हतं. महिनाअखेरच्या कामाबद्दल बोलता बोलता बाई म्हणाल्या, "आता काय सांगू, मागच्या वेळी बँकेचं पत्रक आतच घेईना. तीनदा टाकलं, तीनदा तारखा उलट्यासुलट्या. रात्री साडेअकराला म्हटलं जाऊ दे, आणि सगळं एक्सेलमध्ये हाताने केलं!" आणि खळखळून हसल्या. मुलाखत घेणारीही हसली. प्रॉडक्ट मॅनेजरच्या आठवणीत हाच सर्वात आनंदी क्षण होता.

चेहऱ्यापुरतं पाहिलं तर त्याचं बरोबर आहे. संपूर्ण रेकॉर्डिंगमधलं सर्वात मोठं, सर्वात जास्त वेळ टिकलेलं हसू हेच. डोळ्यांच्या कडेला सुरकुत्या पडलेल्या, म्हणजे ज्याला लोक "खरं हसू" म्हणतात तेही. आणि ते खरं होतंच. फजितीची गोष्ट रंगवून सांगण्यात मजा असते. पण हसू गोष्ट सांगण्याबद्दलचं आहे, पत्रक आत न जाण्याबद्दलचं नाही. आवाजाच्या फेरीत दिसलं की "तीनदा टाकलं" इथून वेग वाढतो, "तीनदा"वर दोन्ही वेळा जोर येतो आणि "जाऊ दे" हे शब्द खाली, सपाट पट्टीत येतात. नंतर उताऱ्यात शोधलं तर याच अडचणीकडे त्या आणखी दोनदा वळल्या होत्या, एकदा अकराव्या मिनिटाला आणि एकदा निरोप घेताना, दोन्ही वेळा न विचारता. माझ्या अनुभवात न विचारता परत येणारा विषय चेहऱ्यावरच्या कोणत्याही खुणेपेक्षा भरवशाचा ठरतो. नोंद: प्रतिकूल, जोर जास्त, रोख बँक पत्रक आत घेण्याच्या सोयीवर, खात्री जास्त.

नूतनीकरणापूर्वीची शांतता

सदतिसाव्या मिनिटाला प्रश्न येतो, "पुढच्या वर्षीही आमच्याबरोबर राहाल ना?" रेकॉर्डिंगमध्ये जवळपास दोन सेकंद शांतता. मग, "हो, बघू, तसं काही ठरलं नाहीये." मुलाखत घेणारीला अडखळणं वाटलं ते हेच.

दोन सेकंद थोडे नाहीत. संभाषणात एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला साधारण २०० मिलिसेकंद लागतात. स्टिव्हर्स आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दहा भाषांचा अभ्यास करून दाखवलं की भाषेनुसार फरक पडतो, पण फार नाही. तेव्हा दोन सेकंदांचा खंड कानाला खटकणारच.

पण त्याआधीचं मिनिटभर ऐकलं तर दोघी तीनदा एकाच वेळी बोलायला लागतात, थांबतात, "तुम्ही बोला" म्हणतात. एकदा बाईंचं चित्र गोठतं आणि उडी मारून पुढे जातं. कॉल अडकत होता. अशा वेळी आपण दोष तारेला न देता माणसाला देतो. शोनेनबर्ग आणि सहकाऱ्यांच्या २०१४ च्या प्रयोगात आवाज एकमेकांकडे उशिरा पोहोचू लागला तेव्हा लोकांनी समोरच्याला कमी लक्ष देणारा आणि कमी मनमिळाऊ ठरवलं. शिवाय कॉलचं रेकॉर्डिंग तिसऱ्याच जागी, सर्व्हरवर जोडलं जातं. त्यात दिसणारा खंड बाईंनी घेतलेलाही नसतो आणि मुलाखत घेणारीने ऐकलेलाही नसतो. म्हणून हा विराम पुराव्यातून बादच केला. "बघू, ठरलं नाहीये" हे शब्द ठेवले, जसेच्या तसे.

कॉलच्या तंत्राने आणखी काय खाल्लं तेही अहवालात लिहिलं, कारण वाचणाऱ्याला ते दिसत नाही. आवाजाची पातळी अॅप आपोआप सारखी करतं, म्हणून "आवाज चढला" हे रेकॉर्डिंगवरून भरवशाने सांगता येत नाही. वेग, जोर आणि पट्टी यांवरच राहावं लागतं. गोंगाट कमी करणारी सोय उसासे आणि श्वासाचे आवाजही पुसून टाकते, तेव्हा उसासा ऐकू आला नाही याला काही अर्थ नाही. बाई बऱ्याचदा डावीकडे पाहतात. मुलाखतीत त्यांनीच एकदा सांगितलं आहे की त्यांचा दुसरा मॉनिटर तिकडे आहे. "नजर चुकवली" असं सहकाऱ्याने दोन ठिकाणी लिहिलं होतं, ते खोडलं. चश्म्यावर स्क्रीनचा उजेड पडल्याने चार तुकड्यांत डोळे धड दिसतच नाहीत. तिथे चेहऱ्याची नोंद "दिसत नाही" अशी केली. क्षणार्धात उमटून जाणाऱ्या सूक्ष्म भावांबद्दल कोणी विचारू नये म्हणून एक ओळ वेगळी टाकली: चित्रं गळत असलेल्या व्हिडिओत सेकंदाच्या दहाव्या भागाची हालचाल शोधणं व्यर्थ आहे.

दोघांच्या नोंदी शेवटी जुळवल्या तेव्हा शब्द आणि आवाजावरून केलेल्या कलाच्या नोंदी १५ पैकी १३ तुकड्यांत सारख्या निघाल्या. सहकाऱ्याने केवळ चेहऱ्यावरून केलेली पहिली नोंद त्याच्याच शेवटच्या नोंदीशी सात तुकड्यांत जुळली. १५ तुकड्यांवर जुळणीचा गुणांक काढून दशांश चिन्हानंतरचे आकडे मिरवण्यात अर्थ नव्हता. न जुळलेले तुकडे पुन्हा ऐकणं जास्त उपयोगाचं ठरलं.

अहवालात काय गेलं

एक शब्द दिला नाही. त्याऐवजी चार वाक्यं दिली. बिलं बनवण्याच्या रोजच्या कामाबद्दल ग्राहक समाधानी आहे (दोन तुकडे, उदाहरणांसह, खात्री जास्त). बँक पत्रक आत घेण्याबद्दल तीव्र नाराजी आहे, हसत सांगितलेली (तीन उल्लेख, खात्री जास्त). मंजुरीच्या सोयीबद्दल मत मिळालेलं नाही. नूतनीकरणाबद्दल "ठरलं नाही" असं उत्तर आहे. त्यापलीकडे रेकॉर्डिंगवरून काही सांगता येत नाही. प्रत्येक वाक्यासमोर मिनिट-सेकंद आणि बाईंचे शब्द. चेहऱ्याचं वर्णन जिथे आलं तिथे "भुवया जवळ आल्या" असं, "चिडल्या" असं नाही.

विक्री विभागाला तो स्क्रीनशॉट ग्राहकाच्या फायलीत ठेवायचा होता. मी नको म्हटलं. मुलाखत उत्पादन सुधारण्यासाठी रेकॉर्ड करू दिली होती. एका माणसाच्या चेहऱ्यावर "जाणार" अशी चिठ्ठी लावून ती वर्षभर जपून ठेवण्यासाठी नव्हे. शिवाय पुढच्या वेळी फाइल उघडणारा आधी ते चित्र पाहील आणि मग बाईंचा फोन घेईल.

राहिलेल्या दोन गोष्टींवर तर्क लढवण्याऐवजी बाईंना ईमेलने विचारलं. मंजुरीच्या सोयीबद्दल प्रश्न बदलला: "शेवटचं बिल मंजूर करताना काय काय केलंत, क्रमाने सांगाल का?" उत्तर आलं, "ते अजून उघडूनच पाहिलं नाही हो. आमच्याकडे ते काम दुसऱ्या सहकारी बघतात. त्या दिवशी तोंडावर कसं सांगणार?" आणि नूतनीकरणाबद्दल: "तो निर्णय माझ्या हातात नसतो. वरून विचारणा झाली की मी माझं मत देते. या वर्षी अजून कोणी विचारलेलं नाही." त्याखाली, न विचारता, चौथ्यांदा: "पत्रकाच्या तारखांचं काही झालं का?" सोबत त्यांनी गोंधळ घालणारी फाइलही जोडली होती. बँक तारखेत आधी दिवस लिहीत होती आणि सॉफ्टवेअर आधी महिना आहे असं धरून वाचत होतं.